पाणी धरून ठेवणारे धागे

कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक गळतो. त्यात पपेन नावाचं विकर असतं. मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्ची पपई चोळतात ती या पपेनसाठीच, कारण ते प्रथिनं तोडतं. अमेरिकेतले डॉक्टर ल्युईस थॉमस वेगळ्याच शोधात होते आणि त्यासाठी त्यांनी पपेन सशांच्या शिरेत टोचलं. काही तासांत सशांचे कान मऊ पडू लागले आणि दुसऱ्या दिवशी ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. एरवी ससे ठणठणीत होते. तीन-चार दिवसांत त्यांचे कान पहिल्यासारखे उभे राहिले.

थॉमस यांनी त्या कानांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण त्यांना काही वावगं दिसलं नाही. कान ताठ ठेवते ती कूर्चा, हे त्यांना ठाऊक होतं. पण कूर्चा म्हणजे एक निवांत, जवळजवळ निर्जीव ऊतक, तिच्यात एका दिवसात काय बदलणार, असा तेव्हाचा समज होता. काही वर्षांनी त्यांनी प्रयोग पुन्हा केला आणि या वेळी लोंबत्या कानाचा काप आणि चांगल्या कानाचा काप शेजारी-शेजारी ठेवून पाहिला. फरक आता नजरेत भरला. लोंबत्या कानातल्या पेशी जागेवर होत्या, पण त्यांच्या भोवतीचा पाणीदार भराव जवळजवळ नाहीसा झाला होता. कान उभे राहिले तसा तो भरावही परत आला होता. १९५६ साली हे काम प्रसिद्ध झालं.

कूर्चेबद्दल मला हा प्रयोग सगळ्यात बोलका वाटतो. नाकाच्या शेंड्यापासून मणक्यांच्या चकत्यांपर्यंत शरीरात जिथे जिथे कूर्चा आहे, तिथे तीनच गोष्टी असतात: थोड्या पेशी, धाग्यांचा सांगाडा आणि त्या सांगाड्यात कोंडलेला पाणीदार भराव. सशाच्या कानातला भराव गेला, तो पेशींनी तीन-चार दिवसांत पुन्हा तयार केला. सांगाडा शाबूत होता म्हणूनच हे जमलं. सांगाडा मोडला की गोष्ट वेगळी होते. कूर्चेचे तीन प्रकार मानतात, हायलाइन, लवचिक आणि तंतुमय. त्यांच्यातला मुख्य फरक या सांगाड्याचाच आहे, म्हणजे धागे कोणते, किती आणि कसे लावलेले, याचा.

आधी भरावाबद्दल. त्यातला मुख्य रेणू म्हणजे अ‍ॅग्रिकॅन. त्याचा मधला कणा प्रथिनाचा असतो आणि त्याला साखरेच्या शंभरेक लांब साखळ्या चिकटलेल्या असतात. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. भारामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात आणि आजूबाजूचे सोडियमचे कण खेचतात. सोडियमच्या मागोमाग पाणी येतं. गुडघ्यातल्या कूर्चेच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असतं ते यामुळे. मोकळं सोडलं तर अ‍ॅग्रिकॅन आणखी कितीतरी पाणी शोषून फुगेल. धाग्यांचं जाळं त्याला फुगू देत नाही, आणि या ओढाताणीत कूर्चा कायम ताणलेली, भरलेली राहते. तिच्यावर दाब आला की पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, दाब गेला की परत आत येतं.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. पेशींना लागणारं अन्न आणि प्राणवायू भरावातून पाझरत पोचतो. बहुतेक ठिकाणी कूर्चेवर एक पातळ आवरण असतं, त्याला कूर्चावरण म्हणतात. रक्तवाहिन्या त्या आवरणापर्यंत येऊन थांबतात. इतक्या तुटपुंज्या पुरवठ्यावर फार पेशी जगू शकत नाहीत. प्रौढ माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेचा जेमतेम एक-दोन टक्के भाग पेशींचा असतो, बाकी सगळं त्यांनी आपल्याभोवती विणलेलं. प्रत्येक पेशी आपल्या छोट्याशा पोकळीत बसलेली असते आणि आयुष्यभर तिथून हलत नाही.

आता तुमच्या कानाची पाळी सोडून वरचा भाग दुमडून सोडा. तो क्षणात मूळ आकारात येतो. पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती नुसतीच लुळी राहते. कानाच्या वरच्या भागातली कूर्चा लवचिक प्रकारची असते. तिच्यात कोलॅजनचे बारीक धागे असतातच, पण त्यांच्या जोडीला इलॅस्टिन या प्रथिनाच्या फाटे फुटलेल्या तंतूंचं दाट जाळं असतं. इलॅस्टिनचे रेणू ताणले की लांबतात आणि सोडले की आखडतात. ते एकमेकांना पक्के सांधलेले असल्यामुळे ताणूनही सुटत नाहीत. ताजी लवचिक कूर्चा किंचित पिवळसर दिसते तीही या तंतूंमुळे. तिच्यातल्या पेशी मोठ्या असतात आणि दाटीने बसलेल्या असतात. त्या बहुधा एकेकट्या किंवा जोडीने असतात, त्यामुळे दोन पेशींच्या मधे भरावाला जागा कमी उरते.

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला ही कूर्चा ओळखताना हमखास गोंधळ होतो. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगवणीत इलॅस्टिनचे तंतू नीट उठून दिसत नाहीत, म्हणून ती हायलाइन समजली जाते. त्यासाठी वेगळा रंग वापरावा लागतो. ऑर्सीनने हे तंतू तपकिरी होतात, व्हेरहॉफच्या रंगाने काळे. मग पेशींभोवती काळ्या धाग्यांचं विणकाम एकदम समोर येतं आणि शंका उरत नाही.

लवचिक कूर्चा शरीरात मोजक्याच जागी आहे: कानाचा बाहेरचा भाग, कानाच्या नळीचा बाहेरचा टप्पा, कान आणि घसा जोडणारी नळी, स्वरयंत्रातले एक-दोन छोटे तुकडे आणि घास गिळताना श्वासमार्ग झाकणारी पडजीभेखालची झडप. ही झडप दिवसातून शेकडो वेळा दुमडते आणि उभी राहते. म्हातारपणी तिचा एक गुण फार उपयोगी पडतो. वयाबरोबर हायलाइन कूर्चेत चुना साचत जातो. वयस्कर माणसाच्या मानेचा एक्स-रे काढला तर कंठमण्याची कूर्चा हाडासारखी पांढरी उमटलेली दिसते. झडप मात्र सहसा तशी उमटत नाही, कारण लवचिक कूर्चेत चुना क्वचितच धरतो. ती कडक झाली असती तर प्रत्येक घास धोक्याचा ठरला असता.

एका प्रकारच्या कूर्चेला दुसरीचं काम दिलं तर काय होतं, हे कानाच्या शस्त्रक्रियेत स्पष्ट दिसतं. काही मुलं जन्मतःच अर्धवट कान घेऊन येतात. त्यांच्या बाहेरच्या कानाच्या जागी नुसता एक गड्डा असतो. त्यांना कान करून देण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे मुलाच्याच बरगडीची कूर्चा काढून तिचा कान कोरायचा आणि तो डोक्याच्या कडेला त्वचेखाली बसवायचा. दुसऱ्या कानाची कूर्चा घेता येत नाही, कारण घेतली तर तोही कान जाईल. बरगडीच्या पुढच्या टोकाला मात्र कूर्चा भरपूर असते. जपानचे शल्यविशारद सातोरू नागाता यांच्या पद्धतीत मूल साधारण दहा वर्षांचं होईपर्यंत आणि त्याच्या छातीचा घेर साठ सेंटिमीटर भरेपर्यंत थांबतात, कारण त्याआधी बरगडीत पुरेसा माल नसतो. मग सहाव्या ते नवव्या बरगडीची कूर्चा काढतात. कानाची कड, आतली घडी आणि बुड असे तुकडे वेगवेगळे कोरतात आणि बारीक तारेने बांधून सांगाडा उभा करतात.

बरगडीची कूर्चा हायलाइन प्रकारची असते, तिच्यात इलॅस्टिनचं जाळं नसतं. म्हणून हा कान दिसायला हुबेहूब असला तरी हाताला ताठ लागतो आणि दुमडत नाही. दुसरी अडचण कोरतानाच समोर येते. बरगडीच्या कूर्चेचा पातळ काप काढून ठेवला तर काही वेळाने तो आपोआप वाकतो. १९५८ साली गिब्सन आणि डेव्हिस यांनी याचं कारण दाखवलं. कूर्चेच्या आतला पाणीदार भाग फुगू पाहतो, बाहेरचा थर त्याला आवळून धरतो, आणि दोन्ही बाजू समान असतात तोवर तुकडा सरळ राहतो. एका बाजूचा थर तासून काढला की तोल जातो आणि राहिलेला थर तुकड्याला आपल्याकडे खेचतो. त्यामुळे शल्यविशारद दोन्ही बाजूंनी सारखं तासतात, किंवा या वाकण्याचाच फायदा घेऊन कानाच्या कडेला गोलाई देतात. अ‍ॅग्रिकॅन आणि धाग्यांची जी ओढाताण वर सांगितली, ती इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

हायलाइन कूर्चा शरीरात सर्वांत जास्त आहे. बरगड्यांची टोकं, नाकाचा पुढचा भाग, स्वरयंत्राचा मोठा हिस्सा, श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या इंग्रजी सी अक्षरासारख्या कमानी, सांध्यातल्या हाडांची टोकं, हे सगळं तिचंच आहे. गर्भाचा बहुतेक सांगाडाही आधी तिचाच असतो, हाड नंतर तयार होतं. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ तिची एक पट्टी राहते. त्या पट्टीत पेशी एकीवर एक उभ्या रांगा लावून विभागतात आणि हाड लांबत जातं. वयात आल्यावर ती पट्टी मिटते आणि उंची थांबते.

ताजी हायलाइन कूर्चा निळसर पांढरी आणि अर्धपारदर्शक दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दोन-दोन, चार-चारच्या घोळक्यात बसलेल्या असतात. प्रत्येक घोळका एकाच पेशीच्या विभाजनातून झालेला असतो. भरावामुळे दूर जायला वाव नसतो, म्हणून बहिणी जवळजवळच राहतात. घोळक्याच्या लगतचा भराव गडद रंगतो, लांबचा फिका. धागे मात्र दिसत नाहीत. ते असतात, टाइप २ कोलॅजनचे असतात आणि पाणी वगळलं तर कूर्चेच्या वजनाचा मोठा वाटा त्यांचाच असतो. पण ते इतके बारीक असतात आणि प्रकाश त्यांच्यातून भरावातल्यासारखाच वळतो, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाला सगळं एकसंध, काचेसारखं वाटतं.

काचेसारख्या दिसणाऱ्या या भागात किती नेटकी रचना आहे, ते गुडघ्यात कळतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा कूर्चेचा थर असतो. अगदी वरच्या पातळ पट्ट्यात धागे पृष्ठभागाला समांतर पसरलेले असतात आणि पेशीही चपट्या असतात. सांधा घसरतो तेव्हा घर्षण या थराला सोसायचं असतं. त्याखाली धागे तिरके होत जातात आणि पेशी गोल होतात. सर्वांत खोल भागात धागे हाडाला काटकोनात उभे असतात आणि पेशी त्यांच्याबरोबर उभ्या रांगांत असतात. त्याखाली चुना साचलेली एक पातळ पट्टी आणि मग हाड. उभे धागे त्या पट्टीत रुतलेले असतात, त्यामुळे कूर्चा हाडावरून सुटून येत नाही. या पृष्ठभागावर कूर्चावरण नसतं. पोषण सांध्यातल्या वंगणातून येतं.

हा सांगाडा एकदाच घडतो. १९५० आणि १९६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ चं प्रमाण एकदम वाढलं आणि पुढे हळूहळू उतरलं. शरीरात कुठलंही ऊतक ज्या काळात तयार होतं, त्या काळातल्या हवेचा ठसा त्याच्यात राहतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यातल्या कूर्चेत हा ठसा मोजला आणि २०१६ साली निष्कर्ष मांडला: तिच्यातलं कोलॅजन वाढीच्या वयातलंच राहतं, प्रौढपणी ते जवळजवळ बदलत नाही. दुखऱ्या, झिजलेल्या गुडघ्यातही नवं कोलॅजन सापडलं नाही. साठीतला माणूस ज्या धाग्यांवर चालतो, ते त्याच्या पौगंडावस्थेत विणलेले असतात.

आता त्या थरात एक खड्डा पडला असं समजा. तिशीतला एक कबड्डीपटू आहे. पकड सोडवताना गुडघा मुरगळला आणि मांडीच्या हाडाच्या टोकावरून दीड चौरस सेंटिमीटर कूर्चा खरवडून निघाली, खालचं हाड उघडं पडलं. कूर्चेला स्वतःला दुखत नाही. वेदना येते ती हाडातून आणि सांध्याच्या अस्तरातून. म्हणून कूर्चेपुरत्या मर्यादित जखमा कित्येक महिने कळतही नाहीत. हाडापर्यंत न पोचलेला खड्डा तर भरतच नाही. तिथे रक्त येत नाही, गुठळी होत नाही आणि आजूबाजूच्या पेशी आपली पोकळी सोडून तिकडे जात नाहीत. स्कॉटिश शल्यविशारद विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, की सांध्यातली कूर्चा एकदा गेली की परत येत नाही.

मग खालून रक्तच आणलं तर? अमेरिकेतले रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया याच कल्पनेवर उभी आहे. दुर्बिणीतून गुडघ्यात शिरून खड्ड्याच्या कडेची सैल कूर्चा काढतात आणि कडा सरळ उभ्या करतात, म्हणजे गुठळीला टेकायला भिंत मिळते. तळाशी चुना साचलेली पट्टी असते, तीही खरवडून काढावी लागते. ती राहिली तर नवं ऊतक धरत नाही. मग टोकदार अवजाराने हाडाला तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने, दोन ते चार मिलिमीटर खोल छिद्रं पाडतात. छिद्रं पुरेशी खोल गेली की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. पाण्याचा दाब कमी केल्यावर त्यांतून रक्त आणि मज्जेतल्या चरबीचे थेंब वर आले पाहिजेत. हे रक्त खड्ड्यात गोठतं. त्यात मज्जेतल्या मूळपेशी असतात, आणि पुढच्या काही महिन्यांत त्या खड्डा भरून काढतात. दरम्यान सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नसतो, पण गुडघा मात्र हलवत राहायचा असतो.

वर्षभराने दुर्बिणीतून पाहिलं तर खड्डा पांढऱ्या ऊतकाने भरलेला दिसतो. रुग्णालाही बरं वाटत असतं. पण त्या ऊतकाचा काप घेतला तर ती हायलाइन कूर्चा नसते, बहुतांशी तंतुमय असते. तिच्यात टाइप २ च्या ऐवजी टाइप १ कोलॅजन भरपूर असतं. हेच कोलॅजन कंडरा आणि जखमेच्या व्रणांतही असतं. अ‍ॅग्रिकॅन कमी असतं, म्हणून ती पाणी कमी धरते. वर समांतर, मधे तिरके, खाली उभे, ही मांडणी तर नसतेच. कडेच्या मूळ कूर्चेशी तिचा सांधाही कच्चा राहतो. लहान खड्डा, तरुण वय, माफक भार असेल तर ती पुरते. अनेकांना पहिली एक-दोन वर्षं छान आराम पडतो आणि मग दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. मूळच्या जागी दुसऱ्याच कामाचं ऊतक बसलेलं असतं, त्याचा हा परिणाम.

मग रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, खड्ड्यात सोडल्या तर? स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांवर हे करून १९९४ साली प्रसिद्ध केलं, आणि ही पद्धत आजही सुधारित रूपात वापरतात. इथे पेशींचा एक विलक्षण स्वभाव आडवा येतो. सपाट बशीत वाढवलेल्या कूर्चापेशी पसरतात, चपट्या होतात आणि टाइप २ कोलॅजन बनवायचं सोडून टाइप १ बनवू लागतात. अमेरिकेत बेन्या आणि शॅफर यांनी १९८२ साली दाखवलं, की अशाच बहकलेल्या पेशी अ‍ॅगरोजच्या घट्ट द्रवात लटकत ठेवल्या, तर त्या पुन्हा गोल होतात आणि टाइप २ कडे परततात. पेशी कशी बसली आहे, यावर ती काय विणणार हे बरंच ठरतं. गोल, कोंडलेली पेशी काचेसारखी कूर्चा विणते, तर ताणलेली, पसरलेली पेशी दोरखंड विणते.

तंतुमय कूर्चेला यामुळे कमअस्सल समजणं मात्र चूक आहे. भार दाबाचा असताना ती अपुरी पडते. पण जिथे दाब आणि ताण दोन्ही एकाच वेळी येतात, तिथे हायलाइन कूर्चा फाटली असती. तिथे शरीर मुळातच तंतुमय कूर्चा बसवतं: मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं कडं, ओटीपोटाच्या हाडांचा पुढचा सांधा, जबड्याच्या सांध्यातली चकती, खांद्याच्या आणि खुब्याच्या खोबणीची कड, काही कंडरा हाडाला जिथे रुजतात ती जागा, आणि गुडघ्यातल्या दोन अर्धचंद्राकृती चकत्या. तिच्यात टाइप १ कोलॅजनचे जाड जुडगे साध्या सूक्ष्मदर्शकातही ठळक दिसतात. भराव थोडा, म्हणून ती निळसर न रंगता गुलाबी रंगते. पेशी जुडग्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एकीमागे एक रांगेत बसलेल्या असतात. कंडरेशी गल्लत होऊ नये म्हणून हीच खूण पाहायची: कंडरेतल्या पेशी चपट्या, दबलेल्या असतात, तंतुमय कूर्चेतल्या पेशी गोलसर आणि आपापल्या पोकळीत असतात. कूर्चावरण तिलाही नसतं.

मणक्याच्या चकतीच्या कड्यात हे जुडगे पंधरा ते पंचवीस थरांत लावलेले असतात. एका थरातले तंतू एका बाजूला तिरके, पुढच्या थरातले उलट बाजूला, त्यामुळे कंबर कुठेही वळली तरी काही थर ताणाला उभे राहतात. कडं मागच्या बाजूने चिरलं की आतला मऊ गर बाहेर येतो आणि नसेवर दाबतो. सायटिकाच्या बहुतेक कहाण्या इथून सुरू होतात.

गुडघ्यातल्या चकत्यांचं काम याहून नाजूक आहे. मांडीचं हाड खाली गोल आहे आणि नडगीचं हाड वर जवळजवळ सपाट. मधे या चकत्या पाचरीसारख्या बसतात. वजन आलं की गोल हाड पाचरीला बाहेर ढकलू पाहतं. चकतीतले मुख्य जुडगे तिच्या घेराने वळसा घालून जातात आणि दोन्ही टोकांना नडगीच्या हाडात घट्ट रोवलेले असतात. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव लाकडी घेर फाकू देत नाही, तसेच हे जुडगे चकतीला बाहेर पसरू देत नाहीत. खालच्या दिशेचा दाब घेराच्या ताणात बदलतो, आणि ताण सोसण्यात टाइप १ कोलॅजनचा हात धरणारं शरीरात फार थोडं आहे. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा निम्मा भार या चकत्यांतून जातो, गुडघा काटकोनात वाकला की त्याहून कितीतरी जास्त. उकिडवं बसताना मागच्या टोकांवर सगळ्यात अधिक ताण येतो.

१८९७ साली ब्रिटिश शल्यविशारद ब्लँड-सटन यांनी या चकत्या म्हणजे पायाच्या कुठल्याशा स्नायूचे बिनकामाचे अवशेष आहेत, असं लिहिलं होतं. पुढे कित्येक दशकं चकती फाटली की ती पूर्ण काढून टाकायची, हाच रिवाज होता. रुग्ण लवकर चालायला लागायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही. १९४८ साली फेअरबँक यांनी अशा शस्त्रक्रिया झालेल्यांचे एक्स-रे तपासले. काही वर्षांतच सांध्यातली फट कमी झालेली आणि हाडाचं टोक सपाटलेलं त्यांना दिसलं. चकती गेल्यावर तोच भार कमी जागेवर पडतो, दाब वाढतो, आणि मग हाडाच्या टोकावरची हायलाइन कूर्चा घासली जाते. ती तर परत येत नाही.

म्हणून आज चकती फाटली की आधी पाहतात, ती कुठे फाटली आहे. चकतीच्या बाहेरच्या कडेला, साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, सांध्याच्या आवरणातून रक्तवाहिन्या शिरतात. त्या भागातली उभी चीर टाके घातले तर भरून येऊ शकते, विशेषतः तरुण माणसात. आतल्या पातळ कडेला रक्त पोचत नाही, तिथली चीर सहसा जुळत नाही, म्हणून तिथे लोंबणारा तेवढाच तुकडा छाटतात आणि बाकीची कड जपतात. सर्वांत घातक चीर ती, जी घेराने जाणारे जुडगे आडवे तोडते किंवा चकतीचं टोक हाडातून उपटते. तेव्हा चकती जागेवर दिसते, पण भार घेत नाही. एमआरआयमध्ये ती सांध्याच्या कडेबाहेर सरकलेली आढळते, आणि टोक पुन्हा हाडात बांधलं नाही तर गुडघ्याची गत चकती काढून टाकल्यासारखीच होते.